टबात तरंगणारा आरओव्ही सहा मीटरवर का बुडतो

आरओव्ही म्हणजे केबलला जोडून वरून चालवायचं पाण्याखालचं यंत्र. ते पहिल्यांदा बांधताना डोक्यात एकच भीती असते, की पाणी आत शिरेल. मीही ओ-रिंगा पुसण्यात आणि केबलच्या तोंडाशी इपॉक्सी भरण्यात आठवडे घालवले. तरंगण्याचा हिशेब मात्र एका संध्याकाळी उरकला, आणि पहिल्याच खोल पाण्यात त्यानेच मला तोंडघशी पाडलं.

यंत्र हवेत साडेपाच किलोचं होतं. स्प्रिंगकाट्याला टांगून पूर्ण पाण्यात बुडवलं की काटा ६२० ग्रॅम दाखवायचा. एवढं वजन फोमने उचलायचं, वर ४० ग्रॅम राखीव. राखीव अशासाठी, की यंत्र किंचित हलकं असलं तर बॅटरी गेल्यावर आपोआप वर येतं. शिवाय खोली टिकवायला उभा थ्रस्टर, म्हणजे यंत्र वर-खाली नेणारा पंखा, पाण्याचा झोत वर फेकतो, तळावरचा गाळ उडत नाही. मी हाताशी असलेला मऊ, दाबला की दबणारा फोम कापत-कापत जुळवला. टबात यंत्र अगदी सुरेख तरंगलं.

तळ्यात उतरवलं तेव्हा दोन मीटरपर्यंत सगळं ठीक होतं. चार मीटरवर उभा थ्रस्टर बंद केला, तर स्क्रीनवरचा खोलीचा आकडा थांबायचं नाव घेईना. सहा मीटरवर यंत्र तळाला टेकलं. घाबरून थ्रस्टर वर यायला लावला, झोत खाली गेला आणि कॅमेऱ्यात नुसता चहा दिसायला लागला. गळती झाली अशी खात्रीच पटली. टेदर, म्हणजे यंत्राची केबल, ओढून बाहेर काढलं, घाईघाईने झाकण उघडलं, तर आत कोरडं ठणठणीत.

खरं तर उघडायची गरज नव्हती. वर आल्यावर यंत्र पुन्हा पूर्वीसारखंच तरंगत होतं, आणि खूण नेमकी तीच. आत पाणी शिरलं असतं तर ते वरही जडच राहिलं असतं. खाली जड आणि वर पुन्हा हलकं, म्हणजे फोम दाबाने आक्रसतोय. झाकण लावल्यावर मी हातपंपाने डब्यातली साधारण एक तृतीयांश हवा काढून पंधरा मिनिटं गेजवर नजर ठेवली होती, काटा हलला नव्हता. त्या चाचणीवर तरी विश्वास ठेवायला हवा होता.

सहा मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या सुमारे १.६ पट होतो. मऊ फोमचा आकार दहावा भाग जरी घटला तरी त्याच्या ६६० ग्रॅम उचलीतले ६६ ग्रॅम गेले, म्हणजे माझे राखीव ४० संपलेच. पुढे तर हे आपणहून वाढत जातं. जितकं खाली, तितका फोम लहान, तितकं यंत्र जड.

मग इन्सुलेशनसाठी वापरतात तो कडक एक्सपीएस फोम घेतला. त्याचा एक लिटर सुमारे ३५ ग्रॅम भरतो, म्हणजे गोड्या पाण्यात ९६५ ग्रॅम उचलतो. मला ६६० ग्रॅम हवे होते, त्यासाठी ६८४ घन सेंटिमीटर लागतात: १९ बाय १२ बाय ३ सेंटिमीटरचा एक तुकडा. तो सांगाड्याच्या अगदी वर बसवला आणि बॅटरी सगळ्यांत खाली. वर हलकं आणि खाली जड असलं की यंत्र आडवं केलं तरी स्वतःच सरळ होतं. नाक खाली झुकत होतं, म्हणून मागच्या पायांना स्टीलचे वॉशर एकेक करून लावले. दहा-पंधरा मीटरपर्यंत हा फोम मला पुरला. फार खोल जायचं तर काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे इपॉक्सीत घट्ट केलेला सिंटॅक्टिक फोम लागतो.

हे जुळवताना पीव्हीसी सांगाड्याच्या नळ्यांना वर-खाली भोकं पाडून ठेवा. नळीत अडकलेली हवा हळूहळू सुटते, आणि अर्ध्या तासापूर्वी नीट जुळलेलं यंत्र उगाचच जड होतं. मी त्यापायी एक अख्खी दुपार वॉशर काढ-घाल करत बसलो होतो.

टेदरचं मला सुचलंच नव्हतं. माझी केबल पाण्यात मीटरला ८ ग्रॅम भरायची. वीस मीटर सोडली की १६० ग्रॅम होतात, राखीव वजनाच्या चौपट, आणि तेही शेपटीला लोंबणारे. आता दर अर्ध्या मीटरवर ४ ग्रॅम उचलणारा कडक फोमचा तुकडा बांधतो. केबलची दोन-तीन मीटरची गुंडाळी टबात सोडायची. ती तळाला बसत नाही आणि वरही येत नाही, म्हणजे जमलं.

समुद्रात न्यायचं झालं तर हे सगळं पुन्हा तपासावं लागतं. माझं यंत्र साधारण साडेपाच लिटर पाणी बाजूला सारतं, आणि समुद्राचं पाणी लिटरला सुमारे २५ ग्रॅम जड असतं. म्हणून १४० ग्रॅमचे वॉशर वेगळ्या डबीत भरून ठेवले आहेत. डबीवर 'खारं पाणी' लिहिलंय.