झोपताना दूध घ्यावं की दही, आणि नेमकं किती?

संध्याकाळी व्यायाम करून आलेल्या पोरांचा ठरलेला प्रश्न असतो: रात्री ग्लासभर दूध प्यायलं तर स्नायू लवकर भरून येतात का? थोडा फायदा होतो, पण एका ग्लासात तो फारसा मावत नाही.

दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं. पोटातल्या आम्लात ते साकळतं आणि हळूहळू पचतं, त्यामुळे स्नायूंना रात्रभर थोडा थोडा माल मिळत राहतो. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात २०१२ साली हे तपासलं गेलं. रात्री वजनं उचललेल्या तरुणांना झोपण्याआधी ४० ग्रॅम केसीन दिलं, तेव्हा झोपेत स्नायूंमधली प्रथिनबांधणी सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नंतरच्या एका प्रयोगात ३० ग्रॅम दिलं, तर मोजता येईल असा फरक पडला नाही.

आता हेच आपल्या स्वयंपाकघरात मोजू. गाईच्या १०० मिली दुधात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे ४० ग्रॅमसाठी सव्वा लिटर दूध लागेल. तेवढं पिऊन झोपणाऱ्याची रात्र संडासच्या वाऱ्या करण्यातच जायची! म्हणून ४० ग्रॅमच्या मागे न लागता पुढच्या क्रमाने जा.

१. आधी दिवसाचा हिशोब मांडा. वजनं उचलणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या मुलाचे झाले ९६. त्याचा दिवस असा धरू: सकाळी पोहे आणि चहा (८), दोन अंडी (१२), दुपारी तीन पोळ्या, वाटीभर आमटी आणि भाजी (१८), वाटीभर दही (५), संध्याकाळी मूठभर शेंगदाणे (८), रात्री दोन भाकरी आणि मटकीची उसळ (१८). बेरीज ६९. आकडे अंदाजाचेच आहेत, पण तूट २७ ग्रॅमच्या आसपास आहे एवढं कळायला पुरेसे आहेत.

२. रात्रीच्या खाण्याने ही तूट भरा. ३०० मिली दुधातून १० ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅम मिळाले की हिशोब जुळला. पण दिवसाचं आधीच पूर्ण होत असेल, तर झोपतानाच्या दुधाने पडणारा फरक इतका किरकोळ असतो की त्यासाठी सायीसकट जादा ग्लास पिण्यात अर्थ नाही. मलईदार म्हशीचं दूध ३०० मिली घेतलं तर अडीचशेच्या वर कॅलरी होतात, त्या पोटावरच दिसतात. वजन वाढवायचं नसेल तर गाईचं किंवा साय काढलेलं दूध घ्या.

३. दही हवं असेल तर त्याचा चक्का करा. साध्या दह्यात प्रथिनं दुधाइतकीच असतात. अर्धा किलो दही पंचात बांधून चारेक तास टांगलं की पाणी गळून दोनशे ग्रॅमच्या आसपास चक्का उरतो. पाण्यासोबत थोडी प्रथिनं आणि बरीचशी दुग्धशर्करा जाते, पण केसीन फडक्यातच राहतं. साधारण १४ ग्रॅम प्रथिनं अशी छोट्या वाटीत मावतात. निथळलेलं पाणी कणीक मळायला वापरा. चक्क्यात साखर मात्र घालू नका, नाहीतर रोजचं श्रीखंड होईल. दुधाने पोट गुडगुडत असेल त्यांना चक्का सहसा सोसतो. रात्री दही खाल्लं की कफ होतो असं ज्यांच्या घरी मानतात त्यांनी कोमट दूध घ्यावं, स्नायूंच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही.

४. वेळ सांभाळा. प्रयोगात झोपण्याच्या अर्धा तास आधी दिलं होतं. छातीत जळजळ होणाऱ्यांनी मात्र लगेच आडवं होऊ नये, तासाभराचं अंतर ठेवावं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारणं भागच आहे.

५. चार आठवडे वहीत नोंद ठेवा. दुसऱ्या दिवशी अंग दुखतंय की नाही यावरून निकाल लावू नका. नवा व्यायाम केला की दूध पिऊनही मांड्या ठणकतातच. त्याऐवजी ठरलेल्या वजनाने किती बैठका निघतात, रविवारी सकाळी वजन किती भरलं आणि रात्री किती वेळा जाग आली, एवढं लिहा. बैठका वाढल्या आणि वजन हवं तिथे आहे, तर चालू ठेवा. कमरेचा पट्टा घट्ट होतोय आणि बैठका तेवढ्याच आहेत, तर ग्लास अर्धा करा. लघवीसाठी रोज उठावं लागत असेल तर दुधाऐवजी पनीर किंवा चक्का घ्या, कारण झोप मोडली तर त्या ग्लासाचा काय उपयोग?