लोणच्याची बरणी पार्सलने विकताना वर्णन कसं लिहावं: माप, पॅकिंग आणि फुटीची अट

जळगावहून नाशिकला जाणारी पाच लिटरची चिनी मातीची बरणी उदाहरणाला घेऊ. फोटो, किंमत, रंग हे सगळ्यांना जमतं, त्यावर वेळ घालवत नाही.

माप मात्र स्वतः घ्या. बाजारात जी ‘पाच लिटरची’ म्हणून मिळते ती कधी साडेचार भरते. बरणी रिकामी तोला, गळ्यापर्यंत पाणी भरून पुन्हा तोला. जितके किलो वाढले तितके लिटर. सोबत उंची, बाहेरचा व्यास आणि तोंडाचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये द्या. हात आत जातो की नाही, हे गिऱ्हाईक तोंडाच्या मापावरूनच ठरवतं.

भट्टीच्या खुणाही आधीच लिहून टाका: बुडाशी झिलई नसलेली कडा, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, रंगाचा ओघळ. या खुणा म्हणजे फूट नव्हे, हे वर्णनात नसेल तर पुढे त्यावरूनच वाद होतो. तडा ही वेगळी गोष्ट. बोटाच्या पेराने वाजवा: धड बरणी खणखणते, तडकलेली बद्द वाजते. शंका असेल तर हळदीचं पाणी फिरवून पुसून घ्या, तड्यात पिवळी रेघ राहते. अशी बरणी लोणच्यासाठी विकूच नका, खार त्यातून पाझरतो.

पॅकिंगचं वर्णन ‘उत्तम पॅकिंग’ या दोन शब्दांत उरकू नका. आपली बरणी 28 सेंटिमीटर उंच आणि 20 सेंटिमीटर रुंद आहे. झाकण वेगळं गुंडाळा. ते बरणीवर ठेवून पाठवलं तर काठावर आपटत जातं आणि दोन्हींचे टवके उडतात. बरणीला बबल रॅपचे तीन वेढे, मग 25 × 25 × 34 चं आतलं खोकं, आणि ते 35 × 35 × 44 च्या पाच पदरी खोक्यात, सगळीकडून पाच सेंटिमीटर भरण ठेवून. केळीची वाळलेली पानं आपल्याकडे फुकट मिळतात, पण भरणाला वापरू नका. गाडीच्या हादऱ्यांनी त्यांचा चुरा होतो, वरची बाजू पोकळ पडते आणि बरणी खोक्यात नाचते. चुरगळलेला कागद घट्ट कोंबा, बंद खोकं हलवून बघा. आत काही सरकल्याचं जाणवलं तर पुन्हा उघडा.

या खोक्याचं भाडं बहुतेक कुरिअरवाले आकारावर लावतात. लांबी, रुंदी, उंची गुणून 5000 ने भागलं की येतात पावणेअकरा किलो, खरं वजन सहाच्या आसपास असलं तरी. बदली पाठवायची वेळ आली तर हे भाडं दुसऱ्यांदा भरावं लागतं. किंमत ठरवताना ते धरा.

आता खरी अवघड जागा, फुटीची अट. ‘तुटल्यास बदलून मिळेल’ हे वाक्य निरुपयोगी आहे. काय तुटल्यास? किती दिवसांत? भाडं कोणाचं? बरणी चैत्रात मागवली जाते आणि खोकं कैऱ्या आल्यावर उघडलं जातं. तोवर ती वाटेत फुटली की माळ्यावरून पडली, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून खोकं लगेच उघडायला सांगणं हा अटीचा कणा आहे. अशी लिहा:

‘पार्सल मिळाल्यापासून 48 तासांत खोकं उघडून पाहा. बरणी फुटलेली, तडकलेली किंवा काठाचा टवका उडालेली असल्यास तीन फोटो पाठवा: पत्त्याच्या चिठ्ठीसह बाहेरचं खोकं, उघडल्यावरचं भरण, आणि फुटलेला भाग. नवी बरणी आमच्या खर्चाने 7 दिवसांत पाठवू. माल संपला असल्यास भाड्यासह पूर्ण पैसे परत. फक्त झाकण फुटल्यास झाकण पाठवू. ते नीट न बसल्यास पूर्ण बरणी.’

झाकणाचं शेवटचं वाक्य गाळू नका. एकाच मापाच्या दोन बरण्यांची झाकणंही भट्टीत कमीजास्त आकसतात, अदलाबदल होईलच असं नाही.

उघडतानाच्या व्हिडिओची सक्ती मला पटत नाही. घरी एकटी असलेली आजी एका हाताने मोबाईल धरून दुसऱ्या हाताने टेप कापणार कशी? तीन फोटो पुरतात. बाहेरचं खोकं एका कोपऱ्यात चेपलेलं असेल तर ते बहुधा वाहतुकीत आपटलं. खोकं धड आणि आत बरणी फुटलेली असेल तर आधी तुमचं भरण तपासा. चूक कोणाचीही असो, बदली तुम्हीच द्यायची. कुरिअरशी भांडण गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचं नाही.

हीच अट बिलावरही छापा, आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही जुनी ओळ बिलावरून काढा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवसांची धरली जाते.