फ्लॅट नंबर लिहिताना या चुका टाळा

सर्व सभासदांस,

एप्रिलच्या मेंटेनन्सपासून आपल्या सोसायटीच्या वहीत फ्लॅट नंबर नव्या पद्धतीनं लागतील. आधी विंगचं इंग्रजी अक्षर, मग मजल्याचे दोन आकडे, मग दाराचे दोन आकडे. ई विंग, तिसरा मजला, चौथं दार म्हणजे `E0304`. मध्ये रेघ नको, जागा सोडू नका. तळमजल्याला `00`, म्हणून तिथलं दुसरं दार `E0002`. `G` लिहू नका.

गेल्या महिन्यात फॉर्म भरून घेतले, तेव्हा निम्म्या लोकांनी आपापल्या सवयीनं लिहिलं. म्हणून ही नोटीस जरा सविस्तर.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे मजला आधी आणि विंग नंतर लिहिणं. ई विंगच्या जुन्या पाट्यांवर `3E04` असं आहे, त्यामुळे तिथले सभासद तसंच टाइप करतात. संगणकाच्या तक्त्यात दोन आकड्यांच्या मध्ये E आला, की तो त्याचा अर्थ "पुढे इतकी शून्यं" असा लावतो. `3E04` म्हणजे तीनवर चार शून्यं, तीस हजार. रकान्यात `3.00E+04` दिसतं. मागच्या वर्षी मी हे बघितलं नाही आणि त्याच यादीवरून मेंटेनन्सची जमा लावली. ई विंगमधल्या एक अक्का दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे भरतात. त्यांची रक्कम बँकेत आली होती, पण यादीत त्यांचा फ्लॅटच सापडेना, म्हणून ती रक्कम बेनावी जमेत पडून राहिली. तीन महिन्यांनी त्यांच्याच नावावर दंडाची नोटीस निघाली. अक्का तिन्ही पावत्या पिशवीत घालून माझ्या दारात आल्या. "मी कधी चुकवलंय काय हो?" एवढंच म्हणाल्या. दंड त्याच दिवशी रद्द केला, पण ते त्यांच्या मनाला लागलं, ते मी विसरलेलो नाही.

एकदा असा बदललेला आकडा नंतर रकाना "टेक्स्ट" करूनही सुधारत नाही. `30000` तसाच राहतो, नंबर हातानं पुन्हा लिहावा लागतो. म्हणून यादी सुरू करण्याआधीच मी तो रकाना निवडून Plain text करतो, आणि सर्वांनी तसंच करावं असं माझं मत आहे. नुसतं `03-04` लिहिणाऱ्यांचंही तेच होतं, तक्ता त्याची तारीख करून टाकतो. अक्षर पुढे ठेवायचं कारण हेच. `E0304` कुठल्याही तक्त्यात आहे तसा राहतो.

शून्य गाळायचा मोह अनेकांना होतो. "एक शून्य कशाला की?" असं विचारणाऱ्यांनी `E112` वाचून बघावं. पहिल्या मजल्याचं बारावं दार, की अकराव्या मजल्याचं दुसरं? `E0112` आणि `E1102` लिहिलं, तर प्रश्नच उरत नाही. शिवाय शून्य नसेल तर यादी लावताना अकरावा मजला दुसऱ्याच्या वर जाऊन बसतो. एक अक्षर वाचवायच्या घाईत माझी अख्खी संध्याकाळ जाते.

आकडे मात्र इंग्रजीच लिहा. मराठीवर माझं प्रेम कुणापेक्षा कमी नाही, पण गेटवरचे वॉचमन अण्णा कन्नड शाळेत शिकले, त्यांना कन्नड आणि इंग्रजी आकडे येतात. एका सभासदानं गॅसवाल्यासाठी चिठ्ठीवर `E०१०४` लिहिलं. अण्णांनी १ ला नऊ वाचलं आणि ४ ला आठ, आणि सिलिंडर नवव्या मजल्यावर गेला. तक्त्यातही `०१०४` आणि `0104` जुळत नाहीत, तेव्हा पैसे पाठवताना शेऱ्यातसुद्धा इंग्रजीच. विंगचं अक्षरही `B` लिहा, ब नको.

फोनवर सांगताना बी आणि डी एकसारखे ऐकू येतात. "बेळगावचा बी", "दिल्लीचा डी" म्हणा.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा नंबर सोसायटीच्या वहीसाठी, पावतीसाठी आणि गेटसाठी आहे. खरेदीखतावर, महापालिकेच्या घरपट्टीवर आणि हेस्कॉमच्या बिलावर जुनाच नंबर राहील, तिथे स्वतः काही खोडू नका. बँकेच्या कर्जाच्या कागदांवरही खरेदीखतातलाच नंबर द्या.

जुना आणि नवा नंबर समोरासमोर लिहिलेली यादी जिन्याखालच्या फलकावर लावली आहे. आपल्या ओळीत चूक दिसली, तर फलकावर पेनानं दुरुस्त न करता मला सांगा. मी रोज संध्याकाळी सात ते आठ ऑफिसात असतो.

खजिनदार