स्थळाचं इंग्रजी कच्चं असेल तर चॅटवर कसं बोलावं

लग्नाच्या अ‍ॅपवर मी तीन वर्षं काढली. मी पुण्यात आयटीत, शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. समोर कधी डॉक्टर, कधी आयटीआय झालेला फिटर. या बाबतीत सगळ्यांकडून एकच सल्ला मिळतो, ‘सरळ सांगायचं, मराठीत बोलूया’. तो मी पाळून पाहिला आहे, म्हणून त्याच्यावर जास्त लिहिणार आहे.

आधी सोप्या गोष्टी. दोघांनीही ‘तुम्ही’ने सुरुवात करावी, ‘तू’वर यायचं तर दोघांनी एकदमच. समोरच्याचं व्याकरण सुधारू नये. त्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नये, ‘मायसेल्फ अमुक’ असं लिहिलेलं असलं तरी.

अवघड जागा एकच: इंग्रजीतून मराठीत यायचं कसं?

साताऱ्याकडचा एक मुलगा होता, एमआयडीसीत सीएनसी मशीनचा ऑपरेटर. त्याने लिहिलं, ‘आय अ‍ॅम डुइंग जॉब फ्रॉम सिक्स इयर्स.’ मी लगेच मोठ्या मनाने उत्तर दिलं, ‘तुम्ही मराठीत लिहिलंत तरी चालेल.’ त्याचं उत्तर आलं, ‘ओके मॅम.’ त्यानंतर दोन दिवस ‘हो’, ‘नाही’, अंगठा, आणि मग काहीच नाही. त्या ‘मॅम’ने माझी चूक मला दाखवली. ‘तरी चालेल’ हे परवानगी देणाऱ्याचे शब्द आहेत. शिवाय ते मी त्याच्या चुकलेल्या वाक्याच्या बरोबर पाठोपाठ लिहिले होते. ‘तुमचं इंग्रजी मी तपासलं’ एवढंच त्याने वाचलं असणार.

आता मी भाषा बदलतेय असं सांगतच नाही. दोन-तीन मेसेज जाऊ देते आणि मग स्वतःचंच काहीतरी मराठीत टाकते. तेही असं, की जे इंग्रजीत सांगताना माझीच पंचाईत व्हावी: ‘आज आईने थालीपीठं लावलीत, घरभर खमंग वास सुटलाय, मीटिंगमध्ये लक्षच लागत नाहीये.’ शेवटी प्रश्न नको, नाहीतर उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं याची परीक्षा पुन्हा त्याच्यावरच येते. तो मराठीत आला तर विषय संपला. तो रोमन लिपीत मराठी लिहीत असेल तर आपणही तसंच लिहावं. आपण देवनागरीचा हट्ट धरला की ती दुसरी परीक्षा होते.

आणि तो इंग्रजीतच राहिला तर? राहू द्यावं. काहींना सराव करायचा असतो, काहींना मराठीत ढकललं जाणं अपमानाचं वाटतं. तेव्हा आपण छोटी, साधी इंग्रजी वाक्यं लिहावीत. ऑफिसातली लघुरूपं आणि इंटरनेटवरचे विनोद बाजूला ठेवावेत. अर्थ कळला नाही तर भाषेबद्दल नाही, गोष्टीबद्दल विचारावं: ‘सहा वर्षं याच कंपनीत, की आधी दुसरीकडे होता?’

मराठीत आलो म्हणजे बरोबरीला आलो, असंही नाही. मी एकाच्या ‘पानी’वर हसण्याची इमोजी टाकली होती. इंग्रजीची छडी खाली ठेवून मी शुद्धलेखनाची उचलली, एवढाच फरक.

व्हॉइस नोट हा उपाय म्हणून सुचवला जातो. मला तो सरसकट पटत नाही. लिहिताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो, बोलताना तो मिळत नाही. आधी विचारावं आणि पहिली आपण पाठवावी.

बिनसतंय हे कळतं. ‘टायपिंग’ दिसतं, जातं, पुन्हा दिसतं, आणि शेवटी येतं फक्त ‘ओके’. किंवा अचानक सफाईदार इंग्रजीत लांबलचक परिच्छेद येतो. तो बहुधा भावाने नाहीतर मित्राने लिहून दिलेला असतो. ‘हे तुम्हीच लिहिलंत का?’ असं मी एकदा विचारलं होतं. पुन्हा कधीही विचारणार नाही. त्याऐवजी पुढचा मेसेज आपण दोन ओळींचा आणि साधा करावा, समोरचा आपोआप आपल्या चालीवर येतो.

शिक्षणाबद्दल म्हणाल तर, ‘पुढे का नाही शिकलात?’ हा प्रश्न नकोच. कामाबद्दल विचारावं. दुसऱ्या एका सीएनसीवाल्याला मी विचारलं, मशीनवर नवीन जॉब लावला की पहिला तास काय करता? त्याने टूल ऑफसेट, पहिला पीस तपासणं, मायक्रोमीटर, सगळं लिहिलं, मेसेज संपेना. त्या संध्याकाळी प्रश्न मी विचारत होते आणि समजावून तो सांगत होता.

परदेशी जायचं असेल आणि जोडीदाराला इंग्रजी येणं खरंच गरजेचं असेल, तर ते प्रोफाइलमध्येच लिहावं. महिनाभर गप्पा मारून मग ‘आपले विचार जुळत नाहीत’ असं कळवलं, तर खरं कारण त्याला कळतंच. मी एकदा तसं कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं, ‘समजलं.’ एवढंच, आणि मराठीत.