सात नंबरचा सेल: बॅटरीवाल्यांनी फ्युएल सेलकडे येताना

फ्युएल सेलच्या लॅबमध्ये येण्याआधी दोन वर्षं मी चाकणला लिथियम बॅटरी पॅकच्या टेस्टिंगवर होते. त्यामुळे पहिल्या दिवशी टेस्ट बेंचवर बसवलेला वीस सेलचा स्टॅक बघून मला अजिबात भीती वाटली नाही. दोन टर्मिनल, एक प्लस, एक मायनस, सेल सिरीजमध्ये. मनात म्हटलं, बॅटरीच आहे की, फक्त नळ्या जास्त. हे वाक्य मला किती महाग पडलं ते सांगण्यासाठीच हे लिहितेय. तुम्हीही ईव्हीमधून हायड्रोजनकडे येत असाल, तर हेच वाक्य तुमच्याही डोक्यात असणार.

मूळ गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच. एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा, मध्ये पडदा. प्रोटॉन पडद्यातून जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून येतात आणि शेवटी पाणी होतं. बॅटरीतही आयन आतून आणि इलेक्ट्रॉन बाहेरून, म्हणून दोन्ही सारखं वाटतं. गोंधळ जुनाच आहे म्हणा. विल्यम ग्रोव्हने 1842 मध्ये या यंत्रावर लिहिलं तेव्हा त्यानेही त्याला वायूची बॅटरीच म्हटलं होतं. पण बॅटरीत जे खर्च होतं ते इलेक्ट्रोडमध्येच साठवलेलं असतं. फ्युएल सेलच्या इलेक्ट्रोडमध्ये काहीच साठवलेलं नसतं. तिथे फक्त कार्बनच्या भुकटीवर प्लॅटिनमचे कण असतात, आणि प्रतिक्रिया होऊन गेल्यावर ते जसेच्या तसे राहायला हवेत.

आमच्या लॅबमधल्या सीनिअर टेक्निशियनना सगळे दादा म्हणतात. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "दादा, या स्टॅकची एसओसी कुठे दिसते?" ते म्हणाले, "अगं, शेगडीची ज्योत बघून सिलिंडरमध्ये किती गॅस उरलाय ते सांगशील का?" मी हसले आणि विसरले.

पण मुद्दा तोच होता. बॅटरीचा व्होल्टेज थोडाफार तरी सांगतो की किती उरलंय. स्टॅकचा व्होल्टेज टाकीबद्दल काहीही सांगत नाही. तो सांगतो आत्ता किती करंट ओढताय, पडदा ओला आहे की सुका, आणि गॅस पोचतोय की नाही. भार नसताना एका सेलला जेमतेम 1 व्होल्ट, चालू भारावर 0.6 ते 0.7 व्होल्ट, आणि टाकी भरलेली असो वा तळाला गेलेली, आकडा तोच. टोयोटा मिराईच्या दुसऱ्या पिढीत 128 किलोवॅटचा स्टॅक आहे आणि टाक्यांमध्ये 5.6 किलो हायड्रोजन मावतो. टाक्या दुप्पट केल्या तर गाडी जवळपास दुप्पट पळेल, स्टॅक मात्र आहे तोच राहील. बॅटरीच्या गाडीत तेवढं अंतर वाढवायला सेलच दुप्पट लागतात. आणि हो, त्याच मिराईमध्ये एक छोटी लिथियम बॅटरीही आहे. कारण ब्रेक मारल्यावर परत येणारी वीज स्टॅक घेऊच शकत नाही. "हायड्रोजन म्हणजे मोठी बॅटरी" असं सांगणाऱ्या दहा मिनिटांच्या व्हिडिओवाल्यांनी एवढं एक उत्तर द्यावं: मोठीच बॅटरी असेल, तर शेजारी छोटी कशाला लागते?

आता माझी चूक. ही जरा सविस्तर सांगते, कारण पुस्तकात ती दोन ओळींत उरकलेली असते.

हिशेब असा. एका सेलमधून 1 अँपिअर काढायचा तर मिनिटाला साधारण 7 मिली हायड्रोजन लागतो. फॅरेडेचा नियम, प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन. एकदा स्वतः काढून बघा, कुणाच्या एक्सेलमधून उचलू नका. माझ्या स्टॅकला 50 अँपिअरवर चालवायचं होतं. म्हणजे एका सेलला 350 मिली आणि वीस सेलला मिनिटाला 7 लिटर. बेंचवरच्या सूचनेप्रमाणे याच्या दीडपट, म्हणजे साडेदहा लिटर सोडायचे होते. या पटीला लॅबमध्ये नुसतं स्टॉइक म्हणतात. आमच्या बेंचवर उरलेला हायड्रोजन फिरवून परत आत घ्यायची सोय नव्हती, जास्तीचा गॅस सरळ व्हेंटमधून बाहेर. सिलिंडर संपत आला होता, दुसरा सोमवारी येणार होता. मी म्हटलं, लागतात 7 आणि सोडायचे साडेदहा, ही उधळपट्टी कशाला? मी साडेसात लिटर सेट केले. कागदावर अर्धा लिटर शिल्लकच होता.

बॅटरीच्या जगात हा हिशेब चालतो. सेलमध्ये जेवढे अँपिअर-अवर आहेत तेवढे त्याच्याच घरात आहेत, शेजारी ते खात नाही. स्टॅकमध्ये मात्र वीस सेलना एकाच नळीतून वाढप होते, आणि पंगतीत सगळ्यांच्या पानात सारखं पडत नाही. साडेसात लिटर म्हणजे सरासरी 375 मिली. पण 50 अँपिअरवर हा स्टॅक तासाला 300 ग्रॅमहून जास्त पाणी तयार करतो. ते बहुतेक हवेच्या बाजूला असतं, तरी थोडं पडद्यातून हायड्रोजनच्या बाजूलाही उतरतं. एखाद्या बारीक खोबणीत थेंब अडकला की त्या सेलचा प्रवाह कमी होतो. माझ्या सात नंबरच्या सेलचं तेच झालं असणार. समजा त्याला पंधरा टक्के कमी, म्हणजे 320 मिली मिळाले. तेवढ्यात 46 अँपिअरसुद्धा होत नाहीत.

मग उरलेल्या 4 अँपिअरचं काय? माझा अंदाज होता की करंट कमी होईल किंवा सेल विझेल, शेगडी विझते तसा. विझत नाही. सेल सिरीजमध्ये आहेत, पुढे इलेक्ट्रॉनिक लोड 50 मागतोय आणि बाकीचे एकोणीस जण तो पुरवायला तयार आहेत. ते या सेलमधून 50 अँपिअर ढकलतातच. हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन मिळाले नाहीत की तिथला विभव चढत जातो आणि सेल ते दुसरीकडून काढतो: आधी पाण्यापासून, मग ज्या कार्बनवर प्लॅटिनम बसलंय त्या कार्बनपासून. कार्बन पाण्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि व्हेंटमधून निघून जातो. थोडक्यात, इंधन कमी पडलं म्हणून सेलने स्वतःचं घर जाळलं. आता कुणी म्हणेल, बॅटरी पॅकमध्येही कमजोर सेल उलटा होतो. होतो, पण डिस्चार्जच्या अगदी शेवटी. इथे टाकी भरलेली असताना, चाचणीच्या दहाव्या मिनिटालाही होतो.

हे होत असताना मला स्क्रीनवर काय दिसलं? एकूण व्होल्टेज 13 च्या आसपास होता, तो 11.4 झाला. बॅटरीवाल्या माणसाला यात काही वावगं दिसत नाही. भार वाढला, व्होल्टेज बसला, सॅग आहे, चालायचंच. प्रत्यक्षात एकोणीस सेल मजेत 0.65 व्होल्ट देत होते आणि सात नंबर उणे 0.9 वर होता. बेरीज करा, बरोबर 11.4 च्या जवळ येते. प्रत्येक सेलचा व्होल्टेज दाखवणारा मॉनिटर बेंचवर होता आणि एखादा सेल 0.3 व्होल्टखाली गेला की लोड आपोआप तोडण्याची सोयही होती. ती मीच बंद केली होती. स्टॅक सुरू करताना ती उगाच ट्रिप होते, "तेवढा टिकमार्क काढून टाक" असं एका अनुभवी सहकाऱ्याने सांगितलं होतं. शॉर्टकट देणारे अनुभवी लोक आणि अनुभव देणारे लोक वेगळे असतात, हे तेव्हा कळलं नव्हतं.

चार मिनिटांनी दादा चहा घेऊन आले, सेलवार आलेख उघडून बघितला आणि काही न बोलता लोडचं बटण दाबून शून्यावर आणलं. वीस पट्ट्यांपैकी एकच रेषेच्या खाली होती. मी तो आलेख उघडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पूर्ण साडेदहा लिटर देऊन चालवलं तेव्हा सात नंबर 50 अँपिअरवर 0.45 व्होल्टवर अडकला. प्रवाह वाढवून बघितला, पर्ज करून, म्हणजे गॅसचा जोराचा झोत सोडून आतलं पाणी बाहेर ढकलून बघितलं, फरक नाही. हाच फरक ओळखायला शिका. सेलमध्ये नुसतं पाणी साचलं असेल तर व्होल्टेज वरखाली नाचतो आणि पर्ज केल्यावर सुधारतो. पडदा सुकत असेल तर तो हळूहळू, शांतपणे उतरतो, सेलचा रोध वाढतो, आणि ओलावा वाढवला की परत येतो. कार्बन गेला असेल तर कशानेच परत येत नाही.

घाबरू नका. दरवेळी इतकं होत नाही, आणि लोड तोडण्याची ती सोय चालू असती तर माझंही पहिल्या काही सेकंदांत थांबलं असतं. क्रम मात्र हाडात भिनवून घ्या. भार वाढवायचा तर आधी गॅस वाढवायचा, प्रवाह स्थिर होऊ द्यायचा, मग करंट. उतरवताना उलट, आधी करंट, मग गॅस. बॅटरीवर लोड एका फटक्यात टाकायची सवय असते, कारण तिथे माल हाताशीच असतो. इथे नळीतून यायला वेळ लागतो.

दुसरी सवय मोडायला मला जास्त दिवस लागले. लोड काढून बॅटरी ठेवली की ती विश्रांती घेते. स्टॅकला दोन्ही गॅस देऊन लोड नसताना ठेवलं तर ती विश्रांती नाही. सेल 0.9 व्होल्टच्या वर बसून राहतो आणि त्या विभवाला प्लॅटिनम आणि पडदा दोन्ही झिजतात. मी जेवायला जाताना स्टॅक असाच "शांत" ठेवून जायचे. आता जाताना थोडा लोड ठेवते, नाहीतर नीट बंद करून नायट्रोजन फिरवते.

गेल्या महिन्यात नवीन मुलगा आला, तोही बॅटरीतूनच. दुसऱ्या दिवशी विचारतो, "ताई, हा स्टॅक किती अँपिअर-अवरचा?" मी त्याला सेलवार आलेख उघडून दिला आणि म्हटलं, दिवसभर फक्त याच्याकडे बघ, करंटला हात लावू नकोस. चार वाजता तो म्हणाला, तेरा नंबर जरा नाचतोय. आम्ही पर्ज केलं.