शाळा ते घर: मुलांकडून नकाशा काढून घ्यायचा खेळ

माझी भाची बडोद्यात तिसरीत आहे, शाळा सूरसागर तलावाजवळ, घर दांडिया बाजारातल्या एका गल्लीत. एका रविवारी तिला म्हटलं, शाळेतून घरी कसं यायचं ते काढून दाखव. खेळाची पहिली पायरी हीच, कोरा कागद आणि पेन्सिल द्यायची, पट्टी नाही, आणि आपण तोंड बंद ठेवायचं.

तिने काय काढलं, तर घराची गल्ली अर्ध्या पानभर, त्यात कुत्रा, ओटा, सेव-उसळवाला सगळं, आणि मोठा रस्ता जेमतेम दोन सेंटीमीटर! कारण सोपंय, रस्त्यावरून ती अ‍ॅक्टिवावर मागे बसून येते आणि गल्लीत खेळते. त्यामुळे हा कागद खोडायला लावू नका, तारीख टाकून ठेवून द्या, नंतर लागतो.

मग पायी निघायचं. आधी घराबाहेर टेपने 10 मीटर मोजून मूल किती पावलांत जातं ते बघा, आमच्या बाईसाहेबांची 20 झाली, म्हणजे पाऊल अर्ध्या मीटरचं. नेहमीसारखं चालायला सांगा, मोजताना मुलं मुद्दाम ढांगा टाकतात आणि सगळं गणित फसतं. प्रत्येक वळणावर थांबून आकडा लिहायचा: रस्ता 360 पावलं, गल्ली 280. आता 40 पावलांना एक सेंटीमीटर धरलं की रस्ता 9 आणि गल्ली 7. हे पट्टीने काढून जुन्या कागदाशेजारी ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, रस्ताच मोठाय की!"

दिशा शिकवायला बडोद्यात जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या मांडवीसारखं दुसरं काही नाही, तिच्या चार बाजूंना शहराचे चार दरवाजे: पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. सूरसागर लहेरीपुऱ्याच्या बाहेर, म्हणून तिथून मांडवीकडे तोंड केलं की समोर पूर्व. त्यावरून कागदावर उत्तरेचा बाण काढायचा.

खरी मजा अदलाबदलीत. नकाशा दुसऱ्या मुलाला द्यायचा, त्याने पुढे चालायचं, काढणाऱ्याने मागून गप्प, सोबत एक मोठं माणूस हवंच. चुकला की तिथे खूण वाढवायची. आमचा भिडू गल्लीच्या तोंडाशीच अडकला, कारण खूण होती "झोपलेला कुत्रा" आणि कुत्रा त्या दिवशी हजरच नव्हता. मग आठवडाभर न हलणाऱ्याच खुणा चालतील असा नियम केला, झाड, देऊळ, विजेचा खांब वगैरे.

घरून शाळेकडे जाताना डावं-उजवं उलटं होतं, तिथे मोठी मुलंही गोंधळतात. त्यांना पाठांतर करायला लावू नका, कागदच फिरवा, पुढचा रस्ता कागदावरही पुढेच दिसला पाहिजे.

आणि हो, नकाशावर मुलाचं नाव, घर नंबर, फोन काही नको, घराच्या जागी नुसतं फूल काढू दे.