प्युरिफायरची सर्व्हिस दिलीच नाही तर पत्रात हिशोब मांडा

एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या सर्व्हिस कराराचे, पैसे आधी घेतात आणि नंतर माणूस फिरकतच नाही, आमच्या सांगलीत हे लई चाललंय. फोनवर भांडत बसू नका, सरळ पत्र द्या.

१. मशीनवरच्या सर्व्हिस कार्डाचा फोटो काढा, तारीख आणि सहीचे रिकामे रकाने नीट दिसू देत, तोच खरा पुरावा.
२. पत्रात आकडे लिहा: ३६०० रुपयांत ३ व्हिजिट ठरल्या, झाली १, तर १५ दिवसांत राहिलेल्या २ करा नाहीतर २४०० परत द्या.
३. बिलाची झेरॉक्स जोडून स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पत्र पोचलं की माणूस पळत येतो, तेव्हा मागच्या तारखांच्या स्लिपवर सही मागितली तर अजिबात करू नका, सगळा पुरावाच जातो.